पार्सलबाई आणि व्हिसाची झडती

प्रभा घाडगे या बाईचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, शेजारणीवर नव्हता, करमाळ्याच्या सख्ख्या भावावर तर अजिबातच नव्हता. देवळात प्रसाद हातावर पडला तरी ती आधी हुंगायची आणि मग तोंडात टाकायची. लोक तिला नावं ठेवायचे, पण खरं सांगायचं तर तिच्या नोकरीला असलाच माणूस हवा होता. सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ती माल बुक करून घ्यायची. कुणी खोकं आणलं, गठडं आणलं, मोटारसायकल आणली, की प्रभाबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढणार, दोन बोटांनी मालावर टकटक करणार आणि विचारणार, "यात काय हाय?"

"कपडे आहेत, बाई."

"कपडे असं वाजत्यात व्हय?"

झालं. समोरच्याला घाम. खोकं उघडलं की चादरींच्या घडीत तुपाचा डबा निघायचा, नाहीतर दिवाळीचे उरलेले फटाके. मोटारसायकल रेल्वेनं पाठवायची तर टाकीत पेट्रोलचा थेंब नको, असा नियम. पोरं शपथेवर सांगायची की टाकी कोरडी आहे. प्रभाबाई झाकण काढून नाक लावायची. "रिकामी केली असशील बाबा, पण वास ऱ्हातो. जा, अजून वाळव." हमाल निंगप्पा लांबून हसायचा. तो अक्कलकोटकडचा, तिला 'अक्का' म्हणायचा.

ही नोकरी तिला हौसेनं मिळाली नव्हती. नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होता. एका दुपारी डबा खाताना तो जो कलंडला तो उठलाच नाही. त्याच्या जागी अनुकंपेवर तिला घेतलं. पोरगी भार्गवी तेव्हा शाळेत. दोन महिन्यांत दीर आले, जाऊबाई आल्या, 'वहिनी, इथं सही करा, तिथं सही करा' सुरू झालं, आणि त्या दिवसांत प्रभाबाई जे शिकली ते हेच, की समोरचा काय म्हणतो त्याला अर्थ नाही, आत काय आहे ते बघावं. तिनं एकाही कागदावर सही केली नाही. दीर आजही बोलत नाहीत. गेले उडत.

भार्गवी मात्र हुशार निघाली. इंजिनियर झाली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला तिचं नाव लागलं. तिकडून पत्र आलं त्या संध्याकाळी प्रभाबाई भाकरी थापत होती. पोरगी नाचत आत आली, तेव्हा हिनं मागंसुद्धा वळून बघितलं नाही. थापता थापता म्हणाली, "जा. आन परत यायचं नाव काढू नको. हितं काय ठिवलंय? मी, आन तुज्या बापाचा फोटू."

मग तव्यावर भाकरी टाकली आणि धूर लागल्यासारखे डोळे पुसले.

व्हिसाचं काम वैजयंती मॅडमकडे दिलं. सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. परदेशी जाणाऱ्या पोरांचे अर्ज त्या भरून देतात. प्रभाबाई हाफ डे टाकून लेकीबरोबर गेली. एकटीला सोडायची तिची तयारी नव्हती. न जाणो, कुठं सही करून बसेल.

मॅडम कॉम्प्युटरवर अर्ज भरत होत्या. नाव, गाव, शिक्षण झालं आणि एक पान आलं तसं त्यांनी हात थांबवला. "हे नीट ऐका. गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर जी जी खाती वापरली, ती सगळी इथं लिहायची. पासवर्ड कुणी मागत नाही, फक्त खात्याचं नाव. आणि विद्यार्थ्यांनी खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. तिकडचे अधिकारी जाऊन बघतात."

प्रभाबाईला ही गोष्ट मनापासून आवडली. असंच पाहिजे! नुसतं 'कपडे आहेत' म्हटलं आणि बुक केलं, असं करून चालतं का कुठं?

"मग आधी सगळं पुसून टाकू की," ती म्हणाली. "कोरी पाटी. बघा म्हणावं काय बघायचं ते."

"तसं नका करू," मॅडम म्हणाल्या. "पाच वर्षं वापरलेलं खातं एका रात्रीत कोरं झालं, तर उलट शंका येते. घर आवरतो तसं आवरायचं. कुठं शिवीगाळ असेल, तारखा चुकल्या असतील, अर्जात एक आणि तिथं दुसरं असं काही असेल, तर ते बघायचं. पण खातं लपवायचं नाही. आज लपवलं आणि उद्या सापडलं, तर अर्जात खोटं लिहिलं असा शिक्का बसतो. तो पुढं जन्मभर आडवा येतो."

मग त्यांनी भार्गवीला विचारलं. इन्स्टाग्राम झालं. नोकरीसाठीचं लिंक्डइन झालं. कॉलेजातलं जुनं फेसबुकही लिहून झालं.

"अजून कुठलं?"

"नाही."

एवढंच म्हणाली पोरगी. पण म्हणायच्या आधी तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नजर भिंतीवरच्या नकाशाकडे नेली. प्रभाबाईच्या मनात पाल चुकचुकली. तुपाचा डबा लपवणारी माणसं अगदी असंच 'नाही' म्हणतात! जन्म गेला होता तिचा ते 'नाही' ऐकण्यात.

"ताई, बघा बरं आठवून," मॅडम म्हणाल्या. "परवा अर्ज पाठवू. तोवर बाकीचं आवरून घ्या."

घरी आल्यावर झडती सुरू झाली. भार्गवी पलंगावर मोबाईल घेऊन बसली आणि प्रभाबाई तिच्या खांद्यावरून. एकेक फोटो मागं जाऊ लागला.

"हे कोण?"

"अथर्व. ऑफिसातला."

"ह्याचा हात कुटं हाय?"

"अगं आई, ग्रुप फोटो आहे! सगळ्यांचेच हात सगळ्यांच्या खांद्यावर आहेत."

"सगळ्यांचे आसतील. मी ह्याचा विचारला."

भार्गवीनं कपाळावर हात मारला. अथर्वचं लग्न झालेलं, बायकोचा फोटो दाखवला, तेव्हा कुठं तो सुटला. मग एका हॉटेलच्या टेबलावरच्या बाटलीची चौकशी झाली, ती सरबताची निघाली. पुण्यातल्या नोकरीची तारीख लिंक्डइनवर एक होती आणि अर्जात दुसरी. ती मात्र खरी चूक होती, भार्गवीनं लगेच दुरुस्त केली. प्रभाबाईला जरा बरं वाटलं. पण ओढणीचं टोक काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढ्या फोटोंत काही सापडत नाही म्हणजे जे आहे ते इथं नाहीच. दुसरीकडे आहे. पोरगा असणार. दुसरं काय असणार? कुणीतरी मेला चोरून बोलत असणार, आणि पोरगी शिकायला नाही, त्याच्या मागं चालली असणार.

"भार्गवी, दुसरं खातं हाय का तुजं?"

"नाही म्हटलं ना मगाशी."

"मगाशी मॅडमला म्हणलीस. आता मला सांग."

पोरगी उठली आणि चहा टाकायला गेली. जेवणाची वेळ झालेली असताना चहा! पाणी कुठंतरी मुरत होतं, एवढं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचं लक्ष कशात लागेना. कॉलेजातला एक पोरगा मोटारसायकल बुक करायला आला. तिनं सवयीनं चष्मा खाली ओढला, सीटवर टकटक केलं आणि विचारलं, "टाकीत काय हाय?"

पोरगा ताडकन उभा राहिला आणि खो खो हसायला लागला. "आयला! पार्सलबाई! तुमीच का ओ त्या?"

"कोण पार्सलबाई?"

"आवो, ते रील! सेम टु सेम!" त्यानं खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

प्रभाबाईनं बघितलं. तिची हिरवी इरकल नेसलेली, तिचाच जुना चष्मा नाकाच्या शेंड्यावर लावलेली एक बाई फ्रिजवर टकटक करत होती. "यात काय हाय? थंडी हाय? मग वाजतंय कशाला?" आवाज तिचा. मान वाकडी करायची तऱ्हा तिची. पदर खोचायची घाई तिची. फक्त तोंड भार्गवीचं.

तिनं मागं वळून बघितलं, तर निंगप्पा जमिनीकडे बघत उभा.

"निंगप्पा, तुला ठावं होतं?"

"आता काय सांगू अक्का..." निंगप्पानं कान खाजवला. "सगळेच बघतो की आमी. नवीन आलं की डबा खाताना लावतो. लई भारी करती पोरगी. तुमाला ठाव नाही, ते आमाला काय ठाव?"

म्हणजे गेली दोन वर्षं ही पोरं आपल्या पाठीमागं फिदीफिदी हसत होती, ते उगाच नव्हतं! तिला संशय होताच. आपल्याला हसतात हे तिनं ओळखलं होतं. पण हसवणारी घरातलीच निघेल, हे मात्र तिच्या बापजन्मात डोक्यात आलं नसतं. संशय घेऊन घेऊन हिनं जग पालथं घातलं आणि चोर निघाला आपल्याच चुलीपाशी.

ती साहेबांना सांगून घरी गेली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"ती हिरवी इरकल कुटं हाय माजी?"

भार्गवीच्या तोंडाचा रंगच उडाला.

"आई, मी सांगणार होते."

"कधी? इमानात बसल्यावर? माज्या हापिसातला हमाल बगतोय, येणारं-जाणारं कार्टं बगतंय, आन मी तेवढी आंधळी? बापाच्या मागं तुला वाढवलं ते माकडचेष्टा करायला व्हय गं?"

"आई, चेष्टा नाही गं ती. पुण्यात खोलीवर एकटी होते ना, तुझी आठवण आली की करायचे. मैत्रिणींना दाखवलं, त्यांनी म्हटलं टाक, म्हणून टाकलं. लोकांना तू आवडतेस आई. खाली वाच तरी. सगळे म्हणतात, आमचीपण आई अशीच."

"आन मला का नाही दावलंस?"

पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "तुला वाईट वाटलं असतं. म्हणून तर मॅडमपुढं नाव घेतलं नाही. मी आज पुसून टाकते ते खातं. अर्जात कशाला लिहायचं? त्याच्यावर माझं नावही नाही."

इथं प्रभाबाईचा राग एकदम थांबला. थांबला म्हणजे गेला नाही, दुसरीकडे वळला. "नाव नसंल. तोंड कुणाचं हाय?"

भार्गवीनं हातातला मोबाईल पालथा ठेवला.

"आन मॅडम काय म्हणल्या? सापडलं तर जन्माचा शिक्का. माजी लाज ऱ्हावी म्हणून तुज्या जन्माला शिक्का लावतीस? अक्कल गहाण टाकलीस का पुण्यात?"

"मग काय करू?"

"आदी मला सगळी दाव. सगळी."

प्रभाबाईनं चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि बघायला बसली. भार्गवी बाजूला नखं कुरतडत उभी. पार्सलबाई गॅस सिलिंडरवर टकटक करते. पार्सलबाई लग्नात नवरदेवाला विचारते, यात काय हाय. पार्सलबाई देवळातला प्रसाद हुंगते. प्रभाबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. एकदाच, प्रसादाच्या वेळी, तिच्या नाकातून फुस्सकन आवाज आला आणि तिनं तो खोकल्यात घातला.

मग एक रील लागलं. भार्गवीनं हात पुढं केला, "आई, ते राहू दे." प्रभाबाईनं तिचा हात बाजूला सारला.

पार्सलबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "जा बाई अमेरिकेला. आन परत यायचं नाव काढू नको! तिथलाच नवरा बग. गोरा आसला तरी चालंल, भाकरी खाणारा बग!" खाली हसणाऱ्यांची ही गर्दी. सगळ्यांत जास्त लोकांनी तेच बघितलं होतं.

प्रभाबाईनं ते पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा. नवरा, गोरा, भाकरी हे सगळं पोरीनं पदरचं घातलं होतं. पण सुरुवातीचं तिचं होतं, शब्दाला शब्द. आणि शेवटचं वाक्य पोरीनं घेतलंच नव्हतं. 'हितं काय ठिवलंय? मी, आन तुज्या बापाचा फोटू.' ते तेवढं गाळलं होतं. का गाळलं असेल? विसरली? का ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही? ती विचारणार होती, पण पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि तिनं मोबाईल परत दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वैजयंती मॅडमनी ते रील बघितलं आणि त्या आधी पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. "अडचण आहे. विद्यार्थी व्हिसाचा सगळा खेळ एका प्रश्नावर असतो. शिक्षण संपल्यावर परत जाणार का? आणि इथं आईच सांगते, येऊ नकोस. एवढ्यावरून कुणी नाकारेल असं नाही, पण विचारू शकतात. हे एक काढायचं की ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. खातं मात्र अर्जात लिहावं लागेल."

"मी काढून टाकते," भार्गवी म्हणाली.

"दुसऱ्या कुणाकडं आसंल का ते?" प्रभाबाईनं विचारलं.

भार्गवीनं शोधलं. कुणी कुणी उचलून आपापल्या खात्यावर टाकलेलं होतं. एका ठिकाणी तर वर गाणं लावलं होतं.

"मग ऱ्हाऊ दे," प्रभाबाई म्हणाली. "टाकी रिकामी केली तरी वास ऱ्हातो. आन काढलेलं सापडलं, तर ठिवलेल्यापेक्षा वाईट. लिवा मॅडम. पार्सलबाई म्हणून लिवा. इचारलं तर खरं सांगंल ती."

मॅडमनी ते नाव अर्जात घातलं. प्रभाबाईनं चष्मा चढवून ते दोनदा वाचलं.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीच्या दिवशी पालकांना आत घेत नाहीत. प्रभाबाई रस्त्याच्या पलीकडे पिशवी छातीशी धरून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा तिला संशय येत होता. आत जाणारी पोरं हसत होती, ती का हसत होती? बाहेर येणारी गप्प होती, त्यांचं काय झालं असेल? आपल्या एका वाक्यानं पोरीची वाट अडली तर? सगळ्या जगाचा माल तपासला आणि आपल्या तोंडातून काय बाहेर पडतं ते तेवढं तपासलं नाही. भवानीआईला तिनं कधी नवस बोलला नव्हता, देवीवरही तिचा पुरता भरवसा नव्हता. त्या दिवशी बोलली.

भार्गवी आली ती हातात एक कागद घेऊन. पासपोर्ट आत ठेवून घेतला होता. खाती तपासायची आहेत, मग कळवू, असं त्या कागदावर होतं.

"इचारलं का?"

"विचारलं. पार्सलबाई कोण म्हणून. मी म्हटलं, माझी आई."

"मग?"

"मग साहेब म्हणाले, आई खरंच म्हणाली का, परत येऊ नकोस? मी म्हटलं, हो, म्हणाली. पण मी आईचं ऐकलंय कधी? शिकून परत येणार आहे मी. माझी आई इथं एकटी आहे."

"आन त्ये?"

"हसले थोडं. लिहून घेतलं काहीतरी."

परतीच्या गाडीत प्रभाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. पोरीनं व्हिसाच्या साहेबाला जे उत्तर दिलं, ते कसं दिलं असेल? ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं का?

पुढचे दिवस वाईट गेले. भार्गवी रोज मोबाईलवर बघायची, रोज तेच, तपासणी चालू. प्रभाबाई ऑफिसात गप्प झाली. निंगप्पानं तर पोरांना ताकीद दिली, अक्कांसमोर रील लावायचं नाही. एकदा डबा खाताना तीच म्हणाली, "लाव की रे. त्ये फ्रिजचं लाव." निंगप्पा घाबरत घाबरत लावायला लागला, तर हिनंच पुढचं वाक्य म्हटलं. ऑफिसभर हसणं झालं.

आणि एका सकाळी कुरियरवाला दारात उभा राहिला. पातळसं पाकीट. भार्गवी आतून ओरडली, "आई, मंजूर झालंय, कालच दिसलं होतं मोबाईलवर! तुला पटलं नसतं म्हणून सांगितलं नाही!" मोबाईलवर दिसतं त्याला प्रभाबाई काय जुमानते? तिनं पाकीट हातात तोललं, दोन बोटांनी टकटक केलं, कडेनं फाडलं. पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान बघितलं, पोरीचा फोटो बघितला, नाव वाचलं. मग पदर तोंडाला लावून तिथंच उंबऱ्यावर बसली.

निघायच्या दिवशी बॅग भरून झाली. प्रभाबाई खोलीत आली. बॅगेत चटणी होती, भाकरीचं पीठ होतं, आणि सगळ्यात वर तिची हिरवी इरकल घडी करून ठेवलेली. तिनं ती बघितली आणि झाकण लावलं. सवयीनं तिचा हात टकटक करायला उठला, तोच भार्गवीनं चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं, मान वाकडी केली आणि म्हणाली, "यात काय हाय?"

दोघी हसल्या. हसता हसता पोरगी आईच्या गळ्यात पडली आणि मग कुणीच हसत नव्हतं.

प्रभाबाईच्या ओठांवर एकच प्रश्न होता. साहेबाला सांगितलंस, परत येणार म्हणून, ते खरं का गं? समोर पोरगी होती. तिच्या डोळ्यांत बघून, बोटांकडे बघून, 'हो' कसं म्हणते ते ऐकून प्रभाबाईला एका क्षणात कळलं असतं. उभ्या जन्मात तिनं न विचारता काही बुक केलं नव्हतं.

साहेबाला ते उत्तर पटलं होतं. प्रभाबाईला मात्र विचारायचा धीर झाला नाही. तिनं नाव-पत्त्याची चिठ्ठी बॅगेला बांधली, गाठ ओढून बघितली आणि म्हणाली, "चल, रिक्षा आली आसंल."